‘ॲलर्जी आहे का?’ विचारू नका; ‘कशानं काय झालं होतं?’ ते विचारा
सलून व पार्लरमधील पहिल्या भेटीचा एक पानी फॉर्म

गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. तो दारी यायचा आणि घरातल्या तीन पिढ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली असायची. कोणाच्या कातडीला कोणता साबण चालत नाही, कोण श्रावणात दाढी करत नाही, कोणत्या पोराचे जावळ नवसाचे आहे, हे त्याला तोंडपाठ असे. त्यामुळे लिहून ठेवण्याची गरजच पडत नसे.

आता चित्र पालटले आहे. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत सलूनची आणि ब्युटी पार्लरची रांग लागलेली दिसते. बचत गटाचे कर्ज काढून घरच्या ओसरीत पार्लर थाटलेल्या भगिनीही खेड्यापाड्यात दिसतात. लग्नसराईत दहा-दहा गावांची गिऱ्हाइके येतात. खुर्चीत बसलेली बाई कोण, तिला पूर्वी काय बाधले होते, हे पार्लरवाल्या ताईला ठाऊक असण्याचे कारण नाही. जुन्या नाभिकाच्या डोक्यात जे होते ते आता कागदावर उतरवावे लागते. त्यासाठी पहिल्या भेटीला भरून घ्यायचा एक पानी फॉर्म पुरेसा आहे. त्याचे भाग तीन : बाधणाऱ्या गोष्टी, गिऱ्हाइकाची आवडनिवड आणि फोटोची परवानगी.

असे फॉर्म शहरांतल्या मोठ्या सलूनमध्ये असतात. पण त्यांचे जसेच्या तसे भाषांतर करून खेड्यात वापरले तर कागद भरतो आणि माहिती मात्र मिळत नाही. याचे कारण प्रश्नाच्या शब्दांत आहे.

‘मला कसली ॲलर्जी?’

‘ॲलर्जी आहे का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. ते खोटे बोलत नाहीत. ॲलर्जी हा दवाखान्यातला शब्द आहे. अंगावर गांधी उठली, कान चिघळला, डोळे सुजले, तर आपल्याकडे ‘उष्णता झाली’, ‘काहीतरी चावलं’, ‘बाधलं’ असे म्हणतात. त्याला ॲलर्जी म्हणायचे हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून फॉर्मवर रोगाचे नाव न विचारता घडलेली गोष्ट विचारावी. कशाने, अंगावर कुठे आणि काय झाले होते, एवढे तीन शब्द मिळाले की काम होते.

ग्रामीण भागात असे पाच प्रश्न तरी विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न कलपाचा आणि काळ्या मेंदीचा. केस काळे करणाऱ्या बहुतेक कलपांत पी-फेनिलीनडायअमीन नावाचे रसायन असते. व्यवहारात त्याला पीपीडी म्हणतात. काळा रंग केसात मुरून टिकतो तो याच्यामुळे. हेच रसायन काही जणांच्या कातडीला चालत नाही. जत्रेत हातावर काढून मिळणारी ‘काळी मेंदी’ पुष्कळदा याच रसायनाने काळी केलेली असते. पाल्याची खरी मेंदी तांबूस-तपकिरी रंगते, ती कधीही कोळशासारखी काळी होत नाही. जत्रेतल्या काळ्या मेंदीने ज्याच्या हातावर फोड आले, त्याच्या शरीराने पीपीडी हा शत्रू म्हणून ओळखून ठेवलेला असतो. पुढे दहा वर्षांनी त्याने केसांना कलप लावला तर डोके, कपाळ, कान आणि पापण्या सुजू शकतात. म्हणून ‘कलपाने त्रास झाला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘काळ्या मेंदीने हातावर काही उठलं होतं का?’ हा वेगळा प्रश्न हवा.

दुसरा प्रश्न गाजर गवताचा. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आज प्रत्येक बांधावर आहे. खुरपणी करणाऱ्यांपैकी काही जणांना त्याने चेहरा, मान, पापण्या आणि कोपराच्या घडीत खाज सुटते, कातडी काळवंडून जाड होते. अशा चेहऱ्यावर ब्लीच, वाफ किंवा झोंबणारे आफ्टरशेव लावले तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही गाजर गवताच्याच कुळातली झाडे असल्याने त्या कुळातल्या फुलांचा अर्क असलेला ‘हर्बल’ लेपही अशांना बाधू शकतो. वनस्पतीपासून केले म्हणजे निर्धोक, हा समज इथे उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रश्न टिकलीचा आणि खोट्या दागिन्यांचा. टिकलीच्या मागच्या डिंकातील रसायनामुळे काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. खोट्या कानातल्यांमधील निकेल धातूने कान चिघळतो. लग्नाच्या साजात पार्लरवालीच टिकली, बिंदी, मुंडावळ्या आणि भाड्याचा सेट चढवत असते. तेव्हा हे आधी कळलेले बरे.

चौथा प्रश्न चेहऱ्याला लावायच्या ट्यूबचा. ‘गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावता का? किती दिवस?’ असा तो स्पष्ट विचारावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेल्या अशा पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते. महिनोन्‌महिने लावल्याने कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. अशा चेहऱ्यावर वॅक्सिंग केले तर केसाबरोबर कातडीही निघते आणि ब्लीचने भाजल्यासारखे होते. गिऱ्हाईक याला औषध मानत नाही, ‘क्रीम’ म्हणते. त्यामुळे ‘औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला ते उत्तरच देणार नाही. शक्यतो ती ट्यूबच घेऊन यायला सांगावे.

पाचवा प्रश्न शुगरचा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. शुगरच्या जुन्या रुग्णाला पायाला चटका बसलेला कळत नाही. पेडिक्युअरच्या गरम पाण्यात त्याचा पाय पोळतो आणि नखाजवळ लागलेले लवकर भरून येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वस्तऱ्याची साधी चीरही बराच वेळ वाहते.

एका घराचे उदाहरण

हा फॉर्म प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर धरू. रविवारी मुलीचे लग्न आहे. बुधवारी दुपारी नवरी आणि तिची आई तालुक्याच्या पार्लरमध्ये प्रथमच येतात. आईचे वय ४५, तिला केस काळे करून हवेत. मुलगी २१ वर्षांची, तिला ब्लीच, फेशियल आणि चेहऱ्याचे वॅक्सिंग पाहिजे.

पार्लरवाली ताई कलपाची वाटी कालवण्याआधी फॉर्म हातात घेते. आईला वाचता येते, पण चष्मा घरी राहिला आहे. म्हणून ताई प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहिते.

‘काकू, कशाची ॲलर्जी?’ ‘नाय गं बाई, मला कसली ॲलर्जी?’

‘बरं, कधी हातावर काळी मेंदी काढली होती का? तिनं काही झालं?’ ‘हां, ते झालं होतं. यात्रेत काढली होती. दोन दिवसांनी हातावर जशी नक्षी होती तसेच फोड आले, पाणी आलं त्यातून. पण ती मेंदी होती, कलप नव्हता.’

फॉर्मने त्याचे काम इथे केले. ‘जशी नक्षी तसेच फोड’ ही खूण महत्त्वाची आहे. पाण्याने किंवा किड्याने झालेला त्रास नक्षीच्या रेघेत बसत नाही. दोन दिवस उलटून त्रास झाला, हीसुद्धा या ॲलर्जीची रीत आहे. लावल्याबरोबर काही होत नाही. साधारण एक ते तीन दिवसांत खाज आणि सूज येते, आणि तोवर कलपाची आठवण पुसली गेलेली असते.

अशा गिऱ्हाइकाला ताईने काय करावे? कलप लावू नये, आणि पार्लरमध्ये चाचणीसुद्धा करू नये. कारण आधी जोरात त्रास झालेल्या माणसाला चाचणीच्या थेंबानेही मोठी प्रतिक्रिया येऊ शकते. अशांची तपासणी त्वचारोगतज्ज्ञाने करायची असते. ‘मग अमोनिया नसलेला लावा’ अशी मागणी हमखास येते. ती मान्य करू नये. अमोनिया निराळा आणि पीपीडी निराळे. अमोनिया नसलेल्या कलपात पीपीडी असू शकते, आणि पीपीडी नसलेल्या कलपात त्याच्याच भावकीतले दुसरे रसायन असू शकते. पाकिटावर ‘हर्बल’ किंवा ‘काळी मेंदी’ लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवू नये, मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. आईला लग्नासाठी काही करायचेच असेल तर ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही अशी पाल्याची साधी मेंदी हा पर्याय उरतो. रंग तांबूस येईल, काळा येणार नाही. हे आधीच सांगावे, म्हणजे नंतर तक्रार होत नाही.

आता मुलीकडे वळू. ट्यूबच्या प्रश्नावर ती सांगते, ‘सहा महिने झाले, रोज रात्री लावते. सोडली की चेहरा लाल होतो.’ सोडल्यावर लाल होणे ही स्टिरॉइडची ओळख आहे. तिचे ब्लीच आणि चेहऱ्याचे वॅक्सिंग रद्द करावे आणि ट्यूबचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारायला सांगावे. पार्लरवालीने स्वतः त्यात सल्ला देऊ नये. लग्नासाठी साधा मेकअप आणि केशरचना एवढ्यावर भागवावे. तोही मेकअप आधी जबड्याच्या कडेला थोडा लावून पाहावा.

त्या दुपारी ताईचे हजार-बाराशे रुपयांचे काम बुडाले असे वाटेल. पण शुक्रवारी सुजलेल्या डोळ्यांनी नवरीची आई दवाखान्यात आणि साऱ्या गावात पार्लरचे नाव, हा तोटा त्याहून फार मोठा आहे.

कानामागची चाचणी

ज्याला पूर्वी काही त्रास झालेला नाही त्याला कलप लावण्याआधी कातडीवरची चाचणी करायचीच असते. हा काही शहरी थाट नव्हे. आपल्या देशातील सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे कलपाच्या पाकिटावर इशारा आणि चाचणीची रीत इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापावी लागते. त्या बारीक अक्षरांत लिहिलेली रीत अशी : कानामागे किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडी जागा साबण-पाण्याने धुवावी. डोक्याला लावण्यासाठी जसा कालवतो तसाच कलप थोडासा त्या जागी लावावा आणि वाळू द्यावा. चोवीस तासांनी हलक्या हाताने धुऊन पाहावे. लाली, खाज, सूज काही नसेल तर लावायला हरकत नाही. ही चाचणी प्रत्येक वेळी कलप लावण्याआधी करावी, असेही त्यात म्हटले आहे. भुवया आणि पापण्यांना कलप कधीही लावू नये, डोळा जाण्याची भीती असते, हा इशाराही तिथेच असतो.

चोवीस तासांत काही दिसले नाही तरी आणखी एक दिवस वाट पाहावी, कारण ही ॲलर्जी उशिरा उठते. म्हणजे लग्न रविवारी असेल तर चाचणी बुधवारी, पाहणी गुरुवारी आणि शुक्रवारी, कलप शनिवारी असा हिशेब बसतो. शनिवारी सकाळी प्रथमच आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कलप लावता येत नाही. हे नियम म्हणून पाटीवर लिहून ठेवावे, म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागत नाही.

फॉर्मवर या चाचणीसाठी चार रकाने ठेवावेत : कोणता कलप व कोणती छटा, लावल्याची तारीख-वेळ, पाहिल्याची तारीख-वेळ, आणि काय दिसले. गिऱ्हाईक लांबच्या गावचे असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावे आणि उत्तर लिहावे. ‘फोन केला, खाज नाही म्हणाल्या’ एवढी ओळसुद्धा पुरते. पाकीट बदलले, कंपनी बदलली, तर चाचणी पुन्हा.

इथे शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मी वीस वर्षं मिशांना हाच कलप लावतोय, मला काय होतंय?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही ॲलर्जी वीस वर्षांनंतरही सुरू होऊ शकते. एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. त्यामुळे फॉर्म एकदा भरला म्हणजे संपले असे नाही. प्रत्येक भेटीला ‘मागच्या वेळेपासून काही बदललं का? मागच्या कलपानंतर डोक्याला खाज सुटली होती का?’ हे दोन प्रश्न विचारून तारीख टाकावी. डोक्याला दरवेळी थोडी थोडी वाढत जाणारी खाज ही पुढच्या संकटाची वर्दी असते.

आणि एवढे करूनही त्रास झालाच तर? डोके भरपूर पाण्याने व सौम्य शाम्पूने धुवावे, पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. घशाला सूज, आवाज बदलणे किंवा श्वासाला त्रास असेल तर घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

‘चार इंच’ म्हणजे कुठून चार इंच?

आवडनिवडीचा भाग अनेकांना फालतू वाटतो. त्याबाबत दिल्लीतील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एका बाईने केस खालून चार इंच कापायला सांगितले. कापणाऱ्याने वरून चार इंच ठेवून बाकीचे कापले, अशी तिची तक्रार. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने तिला दोन कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी झाल्याचा निष्कर्ष तसाच ठेवला, पण एवढ्या रकमेला पुरावा नाही म्हणून आकडा रद्द करून प्रकरण परत पाठवले. भरपाईच्या आकड्यावरून वाद पुढेही चालू राहिला. आपल्याकडे कोटींची भाषा नसेल, पण भांडणाचे मूळ तेच असते. सांगणाऱ्याचे चार इंच वेगळे आणि ऐकणाऱ्याचे वेगळे.

म्हणून फॉर्मवर ‘थोडे कमी’, ‘मध्यम’ असले शब्द लिहू नयेत. ‘कुठपर्यंत राहिले पाहिजेत’ ते अंगाच्या खुणेने लिहावे : खांद्यापर्यंत, पाठीच्या हाडापर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत. फॉर्मवर पाठमोऱ्या माणसाचे साधे रेखाचित्र छापले आणि त्यावर गिऱ्हाइकालाच पेनाने रेघ ओढायला लावली तर अक्षरओळख नसलेल्यालाही अडचण येत नाही. पुरुषांसाठी यंत्राचा नंबर लिहावा. बाजूला २ नंबर मारला होता हे लिहिलेले असले की पुढच्या वेळी पुन्हा अंदाज करावा लागत नाही.

याच भागात आपल्याकडच्या काही गोष्टी विचाराव्यात. माळकऱ्याला किंवा शाकाहारी बाईला केसांच्या लेपात अंडे चालणार नाही. कोणी एकादशीला, कोणी श्रावणात केसाला कात्री लावत नाही. कोणाला काम बाईकडूनच करून हवे असते. तोंडाने हे सांगायला संकोच वाटतो, फॉर्मवर चौकट असली की सहज खूण करता येते. मालिश हवे की नको, हेही विचारावे. मात्र मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढणे हे आवडीवर सोडू नये. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसांना त्या झटक्याने इजा होऊ शकते. गिऱ्हाईक मागत असले तरी ते करू नये.

फोटोची परवानगी : एक सही पुरत नाही

नवरीचा साज झाला की मोबाइल निघतो आणि दहा मिनिटांत फोटो स्टेटसला लागतो. पार्लरची जाहिरात होते हे खरे. पण मुहूर्ताआधीच नवरदेवाकडच्या मंडळींनी नवरी मोबाइलवर पाहिलेली असते, आणि फेशियलच्या ‘आधी-नंतर’ जोडीतला मुरुमांचा चेहरा साऱ्या गावाच्या हातात पडतो. एकदा पसरलेला फोटो परत आणता येत नाही. मुलीच्या बाबतीत त्याचे परिणाम घरादाराला भोगावे लागतात.

‘फोटो काढण्यास हरकत नाही’ अशी एकच ओळ छापून सही घेतली तर ती परवानगी कशाकशाला, हेच कळत नाही. फोटो काढणे, दुकानात दाखवणे, मोबाइलवर टाकणे आणि फ्लेक्सवर छापणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीपुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा चौकटी असाव्यात. कोणतीच खूण केली नाही तर ‘नाही’ समजावे. चेहऱ्यासह की फक्त पाठमोरी केशरचना, आणि लग्नाआधी की नंतर, हेही लिहावे. वरच्या उदाहरणातली मुलगी म्हणू शकते : दुकानाच्या नोंदीला हो, स्टेटसला हो पण लग्नानंतर आणि फक्त अंबाड्याचा, फ्लेक्सला नाही. हे एका मिनिटात लिहून होते.

सही नवरीचीच हवी. आईची, सासूची किंवा पैसे देणाऱ्या मामाची सही तिच्या वतीने चालणार नाही. वय १८च्या आत असेल तर मात्र आईवडिलांची परवानगी पाहिजे. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने परवानगी मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामासाठी दिलेली असावी, आणि दिलेली परवानगी माणसाला परत घेता यावी, ही तत्त्वे घालून दिली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कायद्याची वाट न पाहताही ही रीत पाळण्यासारखी आहे.

परवानगी मागे घ्यायची असेल तर कोणत्या नंबरवर सांगायचे ते फॉर्मवर छापावे आणि सांगितल्याच्या दिवशीच फोटो काढून टाकावा. दुसऱ्यांनी उतरवून घेतलेला फोटो आपण परत आणू शकत नाही, हेही सही घेण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. फोटो दुकानाच्याच मोबाइलवर काढावा, मदतनिसाच्या नव्हे. आरशात मागे बसलेली दुसरी बाई येत नाही ना, हे पाहावे. ‘फोटो दिला नाही तर सवलत नाही’ अशी अट घातली की ती राजीखुशीची परवानगी राहत नाही.

कागद कुठे ठेवायचा

पुष्कळ ठिकाणी टेबलावर एक उघडी वही असते. नाव, गाव, मोबाइल नंबर, सगळे एकाखाली एक. पुढचे गिऱ्हाईक मागच्यांचे नंबर वाचत बसते. तरुण मुलींचे नंबर अशा वहीतून बाहेर जातात आणि नको ते फोन सुरू होतात. म्हणून एका माणसाला एक कागद, तो फाइलमध्ये आणि फाइल कुलपात. आधार क्रमांक, जात, उत्पन्न विचारण्याचे काहीच कारण नाही. दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक फिरकले नाही तर कागद फाडून जाळून टाकावा, रद्दीत देऊ नये.

शेवटी या फॉर्मची मर्यादाही समजून घ्यावी. चाचणी निर्दोष आली तरी पुढे त्रास होणारच नाही अशी हमी नसते. गिऱ्हाइकाने सही केली म्हणून पार्लरची जबाबदारी संपत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकते. फॉर्ममुळे एवढेच होते की विचारायचे ते आधी विचारले जाते आणि काय ठरले ते दोघांपुढे लिहिलेले राहते. बचत गटांचे पार्लर प्रशिक्षण जिथे होते तिथे ग्रामसेवकांनी व गटाच्या कार्यकर्त्यांनी कात्री-कंगव्याबरोबर या कागदाची एक झेरॉक्सही हातात द्यावी. खाली नमुना दिला आहे, तो आपापल्या गावच्या बोलीप्रमाणे बदलून घ्यावा.

चौकट : पहिल्या भेटीचा नमुना फॉर्म

(मोठ्या अक्षरात, एकाच पानावर. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. कलप कालवण्याआधी भरावा.)

१. नाव, गाव, वय, फोन, आजची तारीख.
२. कलपाने कधी खाज, फोड, सूज आली का? केव्हा? कुठे?
३. काळ्या मेंदीने हातावर काही उठले होते का?
४. गाजर गवताने किंवा फवारणीनंतर चेहऱ्याला, मानेला खाज येते का? आज आहे का?
५. टिकली, कुंकू, खोटे दागिने, साबण, क्रीम यांपैकी काही बाधते का?
६. चेहऱ्याला कोणती ट्यूब किंवा क्रीम लावता? किती दिवस?
७. शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, डोक्यावर किंवा चेहऱ्यावर जखम?
८. केस कुठपर्यंत राहिले पाहिजेत? (चित्रावर रेघ ओढा.) यंत्राचा नंबर?
९. नको असलेल्या गोष्टी : अंडे / मालिश / सुगंधी तेल / इतर. काम बाईकडूनच हवे का?
१०. चाचणी : कलपाचे नाव व छटा / लावली केव्हा / पाहिली केव्हा / काय दिसले.
११. फोटो : (अ) दुकानाच्या नोंदीसाठी हो / नाही. (आ) दुकानात दाखवण्यासाठी हो / नाही. (इ) मोबाइलवर टाकण्यासाठी हो / नाही. (ई) फ्लेक्स, जाहिरातीसाठी हो / नाही. चेहऱ्यासह / पाठमोरा. कोणत्या तारखेनंतर?
१२. परवानगी मागे घेण्यासाठी दुकानाचा फोन.
१३. गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा (१८च्या आत असल्यास आई किंवा वडील), फॉर्म भरणाऱ्याची सही.
१४. पुढच्या भेटी : तारीख आणि ‘काही बदलले का?’ याचे उत्तर.